एक पेला दूध आणि मूठभर शेव

राजेंद्रनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात एक छोटा वजनकाटा असतो. परवा त्यावर वाटी ठेवून मी शेवेची एक मूठ टाकली. काट्यावर २८ ग्रॅम आले. मग नवऱ्याला म्हटलं, तुमची मूठ टाका. ती ४१ ग्रॅम भरली. सासूबाई पोह्यांवर कोथिंबीर घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, शेव काय मोजून खायची गोष्ट आहे का?" इंदुरात राहून हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे. इथे पोह्यांवर शेव, भाजीत शेव, आणि पाहुणे आले तर चहासोबतही शेव असते. पण २८ ग्रॅम शेवेत दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि गेले सात महिने माझा सगळा खेळ त्या दीडशे कॅलरींचाच होता.

मी साडेतीन वर्षांपासून वजनं उचलते. वय अडतीस, उंची पाच फूट तीन इंच. पहिल्या वर्षी काय खाल्लं, किती झोपले, याचा फारसा विचार न करताही अंगात फरक पडत गेला. आज खांद्यावर वीस किलो घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठक, जमला, तर दोन महिन्यांत चाळीस. दुसरं वर्ष सरता सरता ते थांबलं. आता मी ज्याला जिममध्ये इंटरमिजिएट म्हणतात त्या टप्प्यावर आहे. म्हणजे दर आठवड्याला बारच्या दांड्यावर वजन वाढवता येत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी येतं. शरीराला सोपं होतं ते त्याने करून झालंय. इथून पुढे स्नायू वाढतो, पण फार हळू, आणि तो किती हळू वाढतो हे मला कुणी आधी नीट सांगितलं असतं तर माझं एक अख्खं वर्ष वाचलं असतं.

त्या वर्षाबद्दल आधी सांगते. दोन हिवाळ्यांपूर्वी मी ज्या जिममध्ये जात होते, तिथल्या ट्रेनरने मला एक चार्ट दिला. बल्क करायचं, म्हणजे स्नायूसाठी जास्त खाऊन वजन वाढवायचं, तर रोज पाचशे कॅलरी जास्त, असा सरळ हिशेब. केळ्याचा शेक, शेंगदाण्याचं बटर, रात्री डिंकाचा लाडू. मी इमानदारीत खाल्लं. चार महिन्यांत ५२.५ किलोवरून ५८ वर गेले. काट्यावर दर आठवड्याला आकडा वर जायचा आणि मला वाटायचं, केवढा स्नायू येतोय! बेंबीजवळची कंबर तेवढ्यात ७० सेंटिमीटरवरून ७७ झाली. स्क्वॉट मात्र ५५ वरून ६२.५ किलोवर आला होता, बस. मग सुरू झालं कटिंग, म्हणजे चढलेली चरबी उतरवायला कमी खाणं. चार महिने उपाशीपोटी, चिडचिड, आणि बारवर वजन कमी कमी होत गेलं. ५४ वर उतरले तेव्हा ताकद जवळपास जिथून निघाले होते तिथेच होती. त्या चार्टवर माझा राग आहे, आणि तो चुकीच्या आकड्यापेक्षा त्या आकड्यामागे कुणी हिशेबच मांडला नव्हता याबद्दल जास्त आहे.

तो हिशेब असा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. एक किलो स्नायूत मात्र तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. प्रथिनं पाचवा हिस्सा, बाकी किरकोळ. म्हणजे स्नायूच्या किलोत साठलेली ऊर्जा चरबीच्या मानाने खूपच कमी. तो बांधायला शरीराला वरून खर्च येतो हे खरं, पण माझ्यासारखीचा स्नायू महिन्याला शे-दीडशे ग्रॅमच वाढणार असेल, तर त्यासाठी रोज पाचशे कॅलरी लागतीलच कशा? स्नायू किती वाढणार हे व्यायाम, शरीर आणि आजवर किती वाढलाय यावर ठरतं. जेवण वाढवलं की तो त्याच प्रमाणात वाढत जात नाही. उरलेलं शरीर चरबीच्या रूपाने ठेवून देतं.

यावर २०२३ साली एक छोटा अभ्यास आला होता. व्यायाम आणि आहाराचे संशोधक एरिक हेल्म्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीपासून वजनं उचलणाऱ्या लोकांचे तीन गट केले. एक गट आहे तेवढंच खाणारा, एक पाच टक्के जास्त खाणारा, एक पंधरा टक्के जास्त. आठ आठवडे सगळ्यांनी व्यायाम केला. ज्यांचं वजन भराभर वाढलं त्यांच्या त्वचेखालच्या चरबीची जाडी प्रामुख्याने वाढली. स्नायूंच्या जाडीत आणि ताकदीत त्या वेगाचा तसा ठसठशीत फायदा दिसला नाही. माणसं थोडी होती आणि दोन महिने म्हणजे काही फार काळ नव्हे, म्हणून याला शेवटचा शब्द मानू नये. पण माझ्या वहीत जे दिसलं होतं त्याच्याशी ते तंतोतंत जुळत होतं.

वाढीच्या वेगाचा एक ठोकताळा आहारतज्ज्ञ अ‍ॅलन अ‍ॅरॅगॉन यांनी पूर्वीच मांडलेला आहे आणि तो मला कामाचा वाटतो. नवशिक्याने महिन्याला वजनाच्या एक ते दीड टक्का, मधल्या टप्प्यावरच्याने अर्धा ते एक टक्का, आणि पुष्कळ वर्षं मुरलेल्याने पाव ते अर्धा टक्का. बायकांनी आपापल्या टप्प्याच्या खालच्या टोकाला राहावं असं माझं मत झालंय, कारण आपल्या शरीरात मुळात स्नायू कमी, म्हणून वाढही ग्रॅममध्ये कमी. गेल्या वर्षी मी ५६ किलोवर होते. अर्धा टक्का म्हणजे २८० ग्रॅम. महिन्याभरात पाव किलोपेक्षा जरा जास्त, आणि त्यातलाही सगळा स्नायू नव्हे.

पाव किलो! भाजीवालीकडे आपण पाव किलो भेंडी घेतो, तेवढंच.

आता खरी अडचण इथे सुरू होते. एवढी छोटी वाढ व्हावी म्हणून जास्तीचं खाणंही छोटंच हवं. मेंटेनन्सच्या, म्हणजे वजन जिथल्या तिथे ठेवणाऱ्या खाण्याच्या पाच ते दहा टक्के वर. माझं मेंटेनन्स १,८५० कॅलरी निघालं, ते कसं काढलं ते पुढे सांगते. त्यावर मी १५० ठरवल्या. दीडशे कॅलरी म्हणजे टोन्ड दुधाचा एक मोठा पेला, पाव लिटर. त्यात वर आठेक ग्रॅम प्रथिनंही मिळतात, म्हणून मी तोच निवडला. संध्याकाळी व्यायामाहून आल्यावर एक पेला दूध, बाकी जेवण होतं तसं. माझ्या बल्कचा आहार एवढाच होता. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढंच? मग तू नवीन काय करतेयस?"

नवीन एवढंच केलं की बाकीचं जेवण खरोखर "होतं तसं" ठेवलं. बोलायला हे सोपं आहे. एकत्र कुटुंबात कढईतली भाजी चौघांची असते, तेल अंदाजाने पडतं, पोळीवर तूप सासूबाई लावतात आणि त्या प्रेमाने लावतात. ॲपमध्ये "एक वाटी भाजी" लिहून काहीच कळत नाही. मी शेवटी एक उपाय केला. रविवारी सकाळी तेलाची बाटली वजन करून ठेवायची, पुढच्या रविवारी पुन्हा करायची. एका आठवड्यात ६२० ग्रॅम तेल गेलं. चौघांत वाटलं तर माझ्या वाट्याला दिवसाला २२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोनशे कॅलरी. माझ्या त्या जास्तीच्या पेल्यापेक्षा जास्त कॅलरी मी रोज न दिसणाऱ्या तेलात खात होते! म्हणजे एखाद्या आठवड्यात दोनदा भजी झाली, की माझा सगळा बेत हलणार. तेव्हा मला पटलं की एवढ्या बारीक वाढीत कागदावरच्या कॅलरी फक्त दिशा दाखवतात. आपण खरोखर किती जास्त खातोय याचा निकाल वजनाच्या सरासरीवरूनच लागतो.

आणि वजनाची सरासरी काढणं बायकांसाठी जरा निराळं आहे. याबद्दल जिममध्ये कुणी बोलत नाही, म्हणून मी इथे सविस्तर लिहिते.

रोजचं वजन सगळ्यांचंच हलतं. रात्री खारट खाल्लं, पोट साफ झालं नाही, पोळ्या-भात जास्त झाला, की सकाळी अर्धा-पाऊण किलो इकडे तिकडे. पण पुरुष सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून पाहू शकतो. माझं तसं होत नव्हतं. माझ्या वहीत पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत वजन ८०० ग्रॅमपासून किलोपर्यंत चढतं आणि पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. ते बहुतेक पाणीच असतं. पहिल्यांदा हे कळत नव्हतं तेव्हा मी चढलेला आकडा पाहून घाबरून दूध बंद केलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात उतरलेला पाहून दोन पेले सुरू केले होते. २८० ग्रॅमची महिन्याची वाढ एका किलोच्या लाटेत दिसणार कशी?

म्हणून मी आठवड्यांची तुलना सोडली आणि चक्रांची सुरू केली. पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते अकराव्या दिवसापर्यंत, सात सकाळी, उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन करायचं. त्या सातांची सरासरी हा त्या चक्राचा आकडा. तो फक्त मागच्या चक्राच्या त्याच दिवसांच्या आकड्याशी ताडायचा. मधल्या दिवसांतही मी वजन करते, पण त्यावरून काहीही ठरवत नाही. ज्यांची पाळी अनियमित आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे त्यांना हा मार्ग पुरत नाही. त्यांनी सहा आठवड्यांची सरासरी आणि कंबरेचं माप धरावं.

मेंटेनन्सही मी असंच काढलं. एप्रिल आणि मे, दोन चक्रं, काहीही वाढवलं-घटवलं नाही, फक्त लिहिलं. दोन्ही चक्रांची सरासरी ५६.१ आली आणि लिहिलेलं खाणं सरासरी १,८५०. यात माझ्या मोजण्यातल्या चुका आहेतच, पण त्या चुका रोज सारख्याच होत राहिल्या तर बिघडत नाही.

जूनमध्ये पेला सुरू झाला. पहिल्या चक्राचा आकडा आला ५६.७. सहाशे ग्रॅम! ठरवलेल्याच्या दुप्पट. मागच्या वेळची मी असते तर खूश झाले असते, आणि एखादी सावध बाई घाबरून खाणं कमी करून बसली असती. दोन्ही चूक. खाणं वाढलं की आतड्यात अन्न जास्त राहतं आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, जास्त साठतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येतं. पहिल्या महिन्याची उडी ही बहुतेक तीच, म्हणून तो महिना वेगाच्या हिशेबात धरायचाच नाही. पुढची दोन चक्रं ५६.९ आणि ५७.१ आली. दोनशे, दोनशे. मला हवं होतं त्यापेक्षा जरा कमी, पण बारवर रेप्स, म्हणजे तेच वजन सलग किती वेळा उचललं ते, वाढत होते, म्हणून हात लावला नाही.

चौथ्या चक्राला आकडा पुन्हा ५७.१ आला. खाणं तेच, दूध तेच. मी वही मागे चाळली तेव्हा कारण सापडलं. ऑक्टोबरपासून माझ्या शाळेची वेळ बदलली होती आणि मी रिक्षा सोडून बसथांब्यापर्यंत पायी जाऊ लागले होते. फोनमध्ये रोजची पावलं सहा हजारांवरून नऊ हजार झाली होती. माझ्या वजनाच्या बाईला तीन हजार पावलांना ढोबळमानाने ऐंशी-नव्वद कॅलरी लागतात. म्हणजे दीडशेतला अर्ध्याहून मोठा वाटा रस्त्यावरच खर्च होत होता. जास्ती एवढी लहान असली की ती अशी नकळत नाहीशी होते. शिवाय खाणं वाढलं की काही माणसं आपोआप जास्त हालचाल करायला लागतात, हेही माहीत असलेलं आहे. मी चालणं बंद केलं नाही. दुपारच्या डब्यात शंभर कॅलरीचे, म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम भाजलेले शेंगदाणे वाढवले.

एका चक्रावरून मी कधी निर्णय घेत नाही, हा मीच केलेला नियम. इथे तो मोडला, कारण पावलांचं कारण डोळ्यांसमोर होतं. कारण सापडलं नसतं तर आणखी एक चक्र थांबले असते.

त्यानंतर दिवाळी आली. चकली, चिवडा, अनारसे, आणि इंदूरचं फरसाण वेगळं. पाचवं चक्र ५७.५ दाखवत होतं. चारशे ग्रॅम वाढ, पण फराळाचे दिवस सोडून मागचं-पुढचं पाहिलं तर काही वावगं नव्हतं. सहावं ५७.७ आणि जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, सातवं ५८.०. पहिला महिना सोडून सहा महिन्यांत १.३ किलो. महिन्याला जवळजवळ सव्वादोनशे ग्रॅम, वजनाच्या ०.४ टक्के.

त्यातला स्नायू किती? हे कुठल्याही यंत्राला नेमकं सांगता येणार नाही. जिममध्ये पायाखाली पट्ट्या असलेलं एक यंत्र आहे, ते अंगातून बारीक वीज सोडून चरबी-स्नायूचा अंदाज काढतं. सरांनी त्यावर उभं केलं तेव्हा एका आठवड्यात १.२ किलो स्नायू वाढल्याचा कागद निघाला. आदल्या रात्री आम्ही सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाऊन आलो होतो. ते यंत्र पाण्यावरून अंदाज बांधतं, त्यामुळे मीठ आणि पाणी बदललं की स्नायूही बदलतो. चांगल्या स्कॅनमध्येही माझ्या सात महिन्यांच्या वाढीएवढी चूक सहज असू शकते. म्हणून मी दोनच गोष्टी पाहते, कंबर आणि बार.

कंबर जूनमध्ये ७४ होती, आता ७५.५. मांडी ५४ वरून ५५.५. चरबी थोडी वाढली आहे, ती वाढणारच होती. पण दोन वर्षांपूर्वी मी याच ५८ किलोवर होते तेव्हा कंबर ७७ होती आणि स्क्वॉट ६२.५ किलो, पाच रेप्स. आता ७५ किलो, पाच रेप्स. मधल्या दोन वर्षांचा व्यायामही यात आहे हे मला ठाऊक आहे, सगळं श्रेय त्या पेल्याला देत नाही.

बेंच प्रेसचं, म्हणजे उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलण्याचं, जरा सांगते, कारण मधल्या टप्प्यावरच्या बाईला तिथे खरी गंमत कळते. आमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की थेट पाच किलो वाढतात. ३५ वरून ४० म्हणजे चौदा टक्क्यांची उडी, ती एकदम झेपत नाही. मग वजन तेच ठेवून रेप्स वाढवायचे. जूनमध्ये ३५ किलोचे सहा रेप्स होत होते. ऑगस्टमध्ये सात, सप्टेंबरअखेर आठ, आणि ऑक्टोबरात काट्यावरचं वजन अडकलं तेव्हा तेही आठवरच अडकले. नोव्हेंबरात नऊ झाले. डिसेंबरच्या शेवटी ४० किलो लावले आणि चार झाले. काट्यापेक्षा या ओळीवर माझा भरवसा जास्त आहे. वजन चढतंय आणि रेप्स दोन महिने जागचे हलत नाहीत, कंबर मात्र दोन सेंटिमीटर गेली, असं दिसलं तर जास्ती फार आहे किंवा व्यायाम पुरेसा नाही. वजनही अडकलं आणि रेप्सही, तर शंभर कॅलरी घालून पाहायच्या.

व्यायामाबद्दल एवढंच, की मोठ्या स्नायूंना आठवड्याला दहा-बारा कष्टाचे सेट मिळत होते आणि प्रथिनं दिवसाला नव्वद ग्रॅम, वजनाच्या किलोला १.६ या हिशेबाने. शाकाहारी घरात नव्वद ग्रॅम म्हणजे वरण, दही, पनीर याखेरीज आठवड्यातून तीन-चारदा सोयाबीनच्या वड्या. वड्या सासूबाईंनी आता रश्श्यात घालायला शिकून घेतल्यात, आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या करतात.

कंबर ७७ झाली की थांबायचं असं मी जूनमध्येच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. अजून दीड सेंटिमीटर हातात आहे. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीपर्यंत दोन चक्रं होतील. तोवर पेला चालू, मग दोन चक्रं मेंटेनन्सवर राहून पाहायचं की काय टिकतं.

काल सासूबाईंनी तिळगुळाचा डबा उघडला आणि माझ्यासमोर वजनकाटा सरकवला. "घे, मोज," म्हणाल्या. एक लाडू बारा ग्रॅमचा भरला. त्यांनी दुसराही काट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा न मोजता."

मी दोन्ही खाल्ले, आणि वहीत दोन्ही लिहिले. गुरुवारी पाचवा दिवस आहे.